तिसऱ्या पानावरचा नकार

आमच्या खरेदी विभागात माणसं दोनच. एक मी आणि दुसरे गोडकाका. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर आहे, पण तिथे जाऊन ते शोधायची गरज आजवर कुणाला पडलेली नाही. बेताची उंची, इस्त्रीचा शर्ट, आणि स्वभाव असा की कपाटाचं दार लावतानासुद्धा दाराला लागेल की काय म्हणून हळूच लावतात. असा माणूस कंपनीने नेमका खरेदी विभागात आणून बसवला. ज्याने हे केलं तो निवृत्त होऊन सुखात आहे, आणि भोगतेय मी.

खरेदी विभागात लोक सामान विकत घेतात असा बाहेर समज आहे. तो खोटा नाही, पण अर्धाच खरा आहे. आम्ही घरगुती पाण्याचे फिल्टर बनवतो. त्यासाठी काहीही लागलं, स्क्रूपासून खोक्यापर्यंत, की तीन-चार पुरवठादारांकडून दरपत्रकं मागवायची, नमुने तपासायचे, तुलनेचा तक्ता करायचा आणि एकाला काम द्यायचं. म्हणजे दर खेपेला एक माणूस खूश आणि बाकीचे तोंड पाडून बसलेले. तोंड पाडणाऱ्यांना कळवायचं काम काकांकडे.

काकांचं म्हणणं असं की नाही म्हणताना दार आपटायचं नाही, कारण आज ज्याला परत पाठवलं त्याचीच उद्या गरज पडते. हे मला सोळा आणे मान्य आहे. मागे एकदा रबरी रिंगा पुरवणाऱ्याचा साचा ऐन हंगामात तुटला, तेव्हा काकांनी वर्षापूर्वी नाकारलेल्या माणसाने चार दिवसांत माल दिला होता. तोही हसत. दुसऱ्या कुठल्या खरेदीवाल्यासाठी त्याने फोनही उचलला नसता. तेव्हा तत्त्व उत्तम. घोटाळा पत्रात होता. काकांचं नकाराचं पत्र चार पानांचं असायचं आणि त्यात नकार कुठे आहे ते शोधायला पोलीस लागले असते.

गणवेशाच्या शिंप्याला त्यांनी असंच एक पत्र पाठवलं. तिसऱ्या दिवशी शिंपी गळ्यात टेप अडकवून हजर. मी जेवणाच्या सुट्टीतून परत येईपर्यंत त्याने हिशेब विभागातल्या अकरा जणांची मापं घेतली होती आणि आमचे मोठे साहेब दोन्ही हात पसरून उभे होते. खुर्च्यांच्या कारखान्याला पाठवलेलं पत्र तर इतकं जमून आलं होतं की त्या मालकाने मिठाईचा डबा पाठवला. तो परत घ्यावा म्हणून काकांनी आणखी दोन पानांचं पत्र लिहिलं, त्यावर दुसरा डबा आला.

आणि हे काही नोकरीत लागलेलं वळण नव्हे. काकूंनी मला स्वतः सांगितलंय की लग्न ठरायच्या वेळी काकांनी काकूंच्या वडिलांना नकार कळवला होता. वडिलांनी पत्र घरात सगळ्यांना वाचून दाखवलं, सगळ्यांचे डोळे भरून आले आणि संध्याकाळी ते तारीख काढायला गेले. काकांना पुढे खुलासा करायचा धीर झाला नाही. एकोणतीस वर्षं झाली. “मला नकार कळला होता,” काकू म्हणाल्या, “पण एवढं गोड लिहिणारा माणूस हातचा कशाला घालवायचा?”

तर, खोक्यांची गोष्ट.

फिल्टरच्या पॅकिंगसाठी वर्षभराचं काम द्यायचं होतं. तीन दरपत्रकं आली. त्यातलं एक एका बाईंचं होतं. शहराच्या कडेला त्यांची छोटी कार्यशाळा आहे, आम्ही त्यांना ताई म्हणतो. ताईंचा नमुना पाहून आमचा तपासनीसही खूश झाला. खोक्याच्या आत फिल्टरचे भाग वेगवेगळे राहावेत म्हणून पुठ्ठ्याचे खण घालतात. ताईंचे खण असे चपखल की खोकं कमरेइतक्या उंचीवरून कोपऱ्यावर टाकलं तरी आतली काच हलली नाही. पण दोन ठिकाणी गाडं अडलं. ओलसर खोलीत दोन दिवस सहाच्या थरात रचून ठेवल्यावर सगळ्यात खालचं खोकं दबलं. आणि आम्हाला महिन्याला बारा हजार खोकी हवी होती, ताईंच्या एका मशीनवर होणार पाच हजार, पुरेपूर ओढूनताणून सहा. काम दुसऱ्यांना गेलं. तक्ता मीच केला होता. त्यात कुणावर अन्याय नव्हता.

काकांनी सोमवारी सकाळी शिपायाच्या हाती ताईंना पत्र पाठवलं. मला दाखवलं नाही, मीही विचारलं नाही. ही चूक माझी, ती मी कबूल करते.

गुरुवारी दुपारी एकच्या सुमाराला ताईंचा फोन आला. आवाजात नुसता उत्साह. खोक्यांवरच्या छपाईचा मजकूर कधी पाठवताय, त्यांनी विचारलं. मी आ वासला. त्या पुढे सांगत सुटल्या की आमच्या मालासाठी कोपरा रिकामा केलाय, दुसरी पाळी सुरू करायला दोन बायका बघून ठेवल्यात, आणि आज चार वाजता बूट कंपनीचे मॅनेजर येणार आहेत, त्यांना आता पुढच्या वर्षीचं काम जमणार नाही म्हणून सांगून टाकणार. नऊ वर्षं ते दर महिन्याला खोकी घेतात, वाईट वाटतंय, पण दोन्ही काही झेपणार नाही. मी “ताई, एक मिनिट” म्हणेपर्यंत मागे मशीन सुरू झालं आणि फोन बंद झाला. मी सात वेळा लावला. त्या खडखडाटात फोन कुणाला ऐकू जाणार?

मी काकांसमोर जाऊन उभी राहिले आणि झालेलं सगळं सांगितलं. काकांचा चेहरा पांढराफटक पडला. ते म्हणाले, आपण एक पत्र लिहू. मी म्हटलं, काका, चार वाजता त्या बाई नऊ वर्षांचं गिऱ्हाईक हातानं घालवणार आहेत. उठा. त्यावर ते म्हणाले, तू सांगशील का त्यांना? तुझं कसं स्पष्ट असतं.

“नाही,” मी म्हटलं. “पत्र तुमचं, तोंडही तुमचंच.”

रिक्षात काकांनी वाक्याची तयारी केली. पहिलं वाक्य ताईंच्या कष्टांबद्दल होतं, दुसरं लघुउद्योगांच्या महत्त्वाबद्दल. तिसऱ्या वाक्यापर्यंत आम्ही पोचलो होतो.

कार्यशाळा म्हणजे एक लांबट पत्र्याची शेड. दाराशी तपकिरी कागदाची रिळं, आत खळीचा वास, मधोमध ते मशीन आणि त्याच्या अंगाला चार बायका खोकी दुमडत बसलेल्या. ताईंच्या सासूबाई टेबलाशी पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधत होत्या, मोजताना हाताकडे न बघता. आणि समोरच्या भिंतीवर, घड्याळाच्या खाली, काकांचं पत्र. चारही पानं प्लास्टिकमध्ये बंद करून ओळीने लावलेली. ते बघून मला तिथल्या तिथे पुठ्ठ्याच्या ढिगात शिरावंसं वाटलं.

ताई धावतच आल्या. एवढं मोठं काम, म्हणून साहेब जातीने जागा बघायला आले, असा त्यांचा समज झाला. काकांनी घसा खाकरून सुरुवात केली, “ताई, तुमच्या खणांबद्दल जरा बोलायचं होतं.” आणि मग ते खरंच खणांबद्दलच बोलले. दहा मिनिटं. ताईंचा चेहरा फुलत गेला. मी काकांच्या मागे उभी राहून खोकले. काकांनी माझ्यासाठी पाणी मागवलं.

मग मशीन दाखवून झालं. मग रिकामा कोपरा. तिथे ताईंनी जमीन धुऊन घेतली होती आणि माल ओलाव्यापासून वर राहावा म्हणून लाकडी फळ्या टाकल्या होत्या. त्या फळ्या बघून काकांना दोनदा तोंड उघडता आलं आणि दोन्ही वेळा त्यातून बाहेर काय आलं, तर “वा” आणि “छान”. चहा आला. चहा पिता पिता काकांनी जवळच्या बाईकडून खोकं कसं दुमडायचं ते शिकून घेतलं आणि चक्क दुमडायला बसले. ज्याला बोलायचं नसतं त्याला असलं काम फार आवडतं. साडेतीनपर्यंत त्यांनी चाळीस खोकी केली. सासूबाईंनी त्यातली बारा परत उघडली.

माझा संयम संपत आला होता. सांगून टाकावं असं शंभरदा मनात आलं. पण मी सांगितलं असतं तर काका पुढच्या सोमवारी पुन्हा कुणालातरी चार पानं लिहायला मोकळे, हेही दिसत होतं. चार वाजता मी बोलणार, एवढं मनाशी ठरवून मी घड्याळाकडे बघत राहिले. घड्याळाखाली पत्र होतंच.

बूट कंपनीचे मॅनेजर पंधरा मिनिटं आधीच आले. जाडजूड, शांत गृहस्थ. पुढच्या वर्षीचा कागद हातात घेऊनच आले होते. ताईंनी त्यांना खुर्ची दिली, मशीन बंद करायला लावलं, पदराला हात पुसले.

“साहेब,” ताई म्हणाल्या, “नऊ वर्षं तुम्ही मला सांभाळून घेतलंत. आता मला असं सांगायचंय की...”

आणि त्याही पुढचं बोलायचं सोडून पुन्हा पदराला हात पुसू लागल्या. नाही म्हणणं कुणालाच सोपं जात नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं. काका ताडकन उठले. हातात अर्धवट दुमडलेलं खोकं तसंच.

“ताई, थांबा. आमचं काम तुम्हाला मिळालेलं नाही.”

ताईंनी विचारलं, “अजून मिळालेलं नाही, असं का?”

इथे गोडकाकांना घसरायला केवढी जागा होती.

“नाही,” काका म्हणाले. “या वर्षी मिळणारच नाही. दुसऱ्यांना दिलंय. तुम्ही यांना नाही म्हणू नका.”

बूट कंपनीच्या मॅनेजरांनी एकदा ताईंकडे, एकदा काकांकडे आणि एकदा त्या खोक्याकडे बघितलं, आणि समजूतदारपणे चहाचा कप उचलला. तो काकांचा होता.

ताईंनी भिंतीवरची चारही पानं काढून टेबलावर आपटली. यात कुठे लिहिलंय, त्यांनी विचारलं. काका चाचरत म्हणाले, तिसऱ्या पानावर. मग काय, सगळे टेबलाभोवती. दुमडणाऱ्या चौघी, मी, सासूबाई, आणि चष्मा पुसत बूटवालेही. पहिल्या पानावर ताईंच्या जिद्दीचं कौतुक होतं. दुसऱ्यावर पुठ्ठा या वस्तूचं. तिसरं पान दोनदा वाचूनही कुणाला काही सापडेना. शेवटी बूटवाल्यांनीच खालून चौथ्या ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं: “आपला हा सुंदर प्रस्ताव पुढील योग्य संधीसाठी मनापासून जपून ठेवताना आम्हाला विशेष आनंद होत आहे.”

“हा नकार आहे?” एका बाईने विचारलं.

काकांनी मान खाली घातली. सासूबाई गठ्ठा बांधता बांधता म्हणाल्या, “मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं. काम द्यायचं असतं तेव्हा कुणी एवढं गोड बोलत नाही. काम देणारा दर आणि तारीख बोलतो.”

मला हसू आवरेना आणि त्याच वेळी ताईंकडे बघवेना. त्यांचे डोळे भरले होते, रागाने आणि लाजेने. “मला वाईट वाटू नये म्हणून असं लिहिलंत ना, साहेब?” त्या म्हणाल्या. “वाईट वाटायचं ते वाटलंच. वर चार दिवस मी जमीन धूत बसले. तुम्ही साधं ‘नाही’ लिहिलं असतंत तर मी सोमवारी रडले असते आणि मंगळवारी कामाला लागले असते.”

यावर काकांनी सारवासारव केली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. ते फक्त म्हणाले, “चुकलं माझं.” मग त्यांनी कापून पडलेला पुठ्ठ्याचा एक तुकडा उचलला, माझ्याकडून पेन घेतलं आणि उभ्या उभ्याच लिहिलं. एक ओळ खोडली. पुन्हा लिहिलं. तो मजकूर माझ्याजवळ आहे, कारण मी तो नंतर उतरवून घेतला:

‘या वर्षीच्या खोक्यांचं काम आम्ही तुम्हाला देत नाही आहोत. कारणं दोन. सहाच्या थरात ओलाव्याने खालचं खोकं दबलं, आणि आम्हाला महिन्याला बारा हजार लागतात, तुमची क्षमता पाच हजार आहे. तुमचे खण तिन्ही नमुन्यांत सगळ्यांत चांगले होते. बाहेरचा कागद जास्त वजनाचा घेतलात तर पहिली अडचण सुटू शकेल. छोटं मॉडेल काढायचा विचार चालू आहे, त्याला महिन्याला तीन हजार खोकी लागतील. ते निघालं तर तुमच्याकडे दरपत्रक मागू. काम मिळेलच असं वचन देत नाही.’

ताईंनी वाचलं. सासूबाईंनी वाचलं. ताईंनी विचारलं, छोटं मॉडेल येणार हे नक्की का? काकांचं तोंड उघडलं. त्यांच्या जिभेवर आलेला गोडवा मला दिसला, अगदी दिसला. तो त्यांनी गिळला.

“माहीत नाही,” ते म्हणाले. “आलं तर विचारेन. एवढंच माझ्या हातात आहे.”

दुसऱ्यांनी दर किती लावला होता, असंही ताईंनी विचारून पाहिलं. ते मात्र सांगता येत नाही, काका म्हणाले, तुमचा दर त्यांना सांगितलेला नाही तसा त्यांचा तुम्हाला नाही. ताईंनी मान हलवली. मग त्या बूटवाल्यांकडे वळल्या आणि म्हणाल्या की तुमचं चालूच आहे, मी फक्त नऊ वर्षांबद्दल आभार मानत होते. बूटवाल्यांनी यावर विश्वास ठेवल्याचा चेहरा केला, कागदावर सही घेतली, आणि जागा रिकामी दिसतेय तर थोडं जास्त काम घ्याल का, असं जाता जाता विचारलं.

त्यानंतर काका एकदम सुधारले असं मी म्हणणार नाही. आजही ते आधी चार पानं लिहितात. पण आता ती घरी लिहितात, काकूंना वाचून दाखवतात आणि सकाळी ऑफिसात सहा ओळी आणतात. पहिल्या ओळीत निर्णय, मग कारण, मग चांगलं काय होतं ते, मग पुढे केव्हा विचारू ते. विचारणार नसू तर तेही. असं पहिलं पत्र ज्याला पाठवलं त्या लेबलवाल्याने दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, काका आजारी आहेत का?

दहा महिन्यांनी छोटं मॉडेल खरंच आलं. तीन हजार खोकी महिन्याला, पुढच्या महिन्यापासून. काका त्या सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात आले होते. चौकशीची तीन पत्रं तयार केली, त्यातलं ताईंचं आधी पाठवलं. दोन दिवस ते दर तासाला टपाल बघत होते. मला म्हणाले, बघ, दार उघडं ठेवलं की कसं होतं ते.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. काकांनी ते वाचलं. मग कागद माझ्याकडे दिला.

‘आपल्या चौकशीबद्दल आभार. या वेळी आम्ही दरपत्रक देऊ शकत नाही. बूट कंपनीने काम दुप्पट केलं आहे आणि मार्चपर्यंत मशीन रिकामं नाही. जास्त वजनाच्या कागदावर ओलाव्याची चाचणी आम्ही करून घेतली, सहाचे थर टिकले. निकाल सोबत आहे. मार्चमध्ये दुसरं मशीन येतंय. त्यानंतर विचारलंत तर दरपत्रक आठवड्यात देऊ.’

मी म्हटलं, काका, याहून चांगलं पत्र मी पाहिलेलं नाही. काकांनी ते परत घेतलं. पुन्हा वरून खाली वाचलं. मग उलटं करून मागची कोरी बाजू बघितली.

“यात कुठे ‘हो’ नाहीये ना गं?” त्यांनी विचारलं.

“नाही, काका.”

“नाही,” ते म्हणाले. “स्पष्ट आहे अगदी.” मग पत्राची घडी घालत म्हणाले, “वाईट वाटलं गं.”

मग त्यांनी डायरीत मार्चचा पहिला सोमवार काढून तिथे ‘ताई’ एवढंच लिहिलं, आणि दुसऱ्या खोकेवाल्याला फोन लावला.